तक्रारीत पहिली लिहायची ती वेळ

मार्चमधला मंगळवार होता. सकाळी पावणेदहाच्या सुमारास मला एका सहकाऱ्याचा व्हॉट्सॲप आला. वर कापलेला, खाली कापलेला एक स्क्रीनशॉट, त्यात आमच्या संस्थेचं बोधचिन्ह आणि ‘वेतनातील फरकाची यादी पाहण्यासाठी येथे क्लिक करा’ एवढीच ओळ. सोबत तीन शब्द : ‘बघा ना जरा.’

पंचवीस मिनिटांनी ग्रंथालयातून एक मॅडम स्वतः आल्या. त्यांनी तोच मेल तांत्रिक कक्षाच्या पत्त्यावर आधीच पाठवला होता, पण जोडणी म्हणून, मूळ रूपात. वर चार ओळी लिहिल्या होत्या : मेल 9 वाजून 42 मिनिटांनी आला, 9.55 ला ऑफिसच्या संगणकावर उघडला, दुव्यावर क्लिक केलं, पासवर्ड मागणारं पान दिसलं, पण काही टाइप न करता बंद केलं.

पहिला निरोप वाचून मला फक्त एवढं कळलं की काहीतरी आलं आहे. दुसरा वाचला आणि पुढच्या दहा मिनिटांत तो मेल किती जणांकडे गेला ते सापडलं, सगळ्यांच्या मेलपेटीतून तो काढताही आला. दोघांचा हेतू सारखाच चांगला होता. फरक होता तो हाताशी काय दिलं याचा.

मी एका शिक्षणसंस्थेच्या तांत्रिक कक्षात काम करतो. लोकांना वाटतं की आम्हाला इथे बसून सगळ्यांचं सगळं दिसतं. तसं नसतं. आमच्याकडे असतात नोंदी, म्हणजे लॉग. कोणत्या सेकंदाला कोणत्या यंत्राकडून कोणाला काय आलं, कोणी कधी लॉगिन केलं, कोणत्या फायलीतून कोणता डेटा भरला गेला, याच्या लाखो ओळी. या ढिगात शिरायला एक धागा लागतो : नेमकी वेळ, नेमका पत्ता किंवा नेमका क्रमांक. तो धागा आमच्याकडे नसतो, तक्रार करणाऱ्याकडे असतो.

फॉरवर्ड केलेला मेल मूळ मेल नसतो

संशयास्पद मेल आला की बहुतेक जण तो सरळ फॉरवर्ड करतात. यात एक गोष्ट नकळत निसटते. फॉरवर्ड करताना तुमच्या नावाने नवा मेल तयार होतो. जुन्यातला मजकूर त्यात उतरतो, पण मूळ मेल कुठून कसा आला याची माहिती मागेच राहते. पत्रातला मजकूर नव्या कागदावर लिहून पाकीट फेकून द्यावं, तसं. पोस्टाचे शिक्के पाकिटावर होते.

मेलच्या या पाकिटाला हेडर म्हणतात. संगणकावर जीमेल उघडून मेलच्या उजवीकडचे तीन ठिपके दाबले की `Show original` असा पर्याय दिसतो. तिथून `Download original` केलं की `.eml` अशा शेपटाची फाइल मिळते. तीच फाइल जोडून पाठवायची. वरच्या पट्टीतल्या तीन ठिपक्यांत `Forward as attachment` हाही पर्याय आहे, तो आणखी सोपा. मोबाइलवरच्या जीमेल ॲपमध्ये मूळ रूप दाखवण्याची सोय नाही. म्हणून मेल मोबाइलवर पाहिला असेल तरी तो न पुसता ठेवावा आणि संगणकाजवळ आल्यावर पाठवावा.

ग्रंथालयातल्या मॅडमनी पाठवलेल्या फायलीतला कामाचा भाग असा होता. पत्ते मी बदलले आहेत. आमच्या संस्थेचा पत्ता `mail.example` आहे असं धरून वाचा.

```
Received: from srv9.rnail.example (203.0.113.45)
  by mx.mail.example; Tue, 11 Mar 2025 09:42:17 +0530
Authentication-Results: mx.mail.example; spf=pass; dkim=pass
From: "Accounts Section" <accounts@rnail.example>
Reply-To: vetan.farak@post.example
Message-ID: <20250311-7741@rnail.example>
```

चौथी ओळ नीट पाहा. `From` मधलं नाव ‘अकाउंट्स सेक्शन’ आहे, पण पत्ता `mail` नाही, `rnail` आहे. r आणि n शेजारी आले की लहान अक्षरांत ते m सारखे दिसतात. मोबाइलच्या पडद्यावर, कामाच्या घाईत, ते कोणाच्याही नजरेतून सुटेल. त्यातही अनेक ॲप फक्त नाव दाखवतात, पत्ता दाखवतच नाहीत. पाचवी ओळ सांगते की तुम्ही उत्तर लिहिलंत तर ते तिसऱ्याच पत्त्यावर जाणार.

आमच्या सर्वात जास्त उपयोगाची ओळ मात्र पहिली. मेल ज्या ज्या यंत्रातून जातो ते प्रत्येक यंत्र आपली `Received` ओळ सगळ्यात वर जोडतं. म्हणून या ओळी खालून वर वाचायच्या असतात. खालच्या ओळी पाठवणारा खोट्या लिहू शकतो, पण वरची ओळ आमच्या स्वतःच्या यंत्राने लिहिलेली असते, ती खरी. त्या ओळीत पाठवणाऱ्या यंत्राचा क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ असते. तो क्रमांक शोधला की त्याच यंत्राकडून आणखी कोणाला मेल आले याची यादी निघते.

आता एक सावधगिरी. वरच्या नमुन्यात `spf=pass` आणि `dkim=pass` आहे. म्हणजे मेल ज्या पत्त्याच्या नावाने आला, त्या पत्त्याने परवानगी दिलेल्या यंत्रावरूनच निघाला आणि वाटेत बदलला नाही. हे वाचून काही जण निर्धास्त होतात. पण इथे `rnail.example` हा पत्ता फसवणाऱ्याचा स्वतःचाच आहे. त्याने आपल्या घराला आपलंच कुलूप लावलं आहे आणि ते व्यवस्थित लागलं आहे. एखाद्या सहकाऱ्याचं खातं चोरीला गेलं आणि तिथून मेल आला, तर त्याच्याही सगळ्या तपासण्या उत्तीर्ण होतात. म्हणून ‘तांत्रिकदृष्ट्या मेल बरोबर दिसतो’ हे कारण धरून तक्रार थांबवू नका.

क्लिक केलं का, हे खरं सांगणं

मॅडमच्या चार ओळींतली मला सर्वांत मोलाची वाटली ती ओळ म्हणजे ‘दुव्यावर क्लिक केलं.’ ती लिहायला लोक कचरतात. साहेब रागावतील, लोक हसतील असं वाटतं. मग सांगतात, ‘नुसता मेल पाहिला, बाकी काही नाही.’

संस्थेच्या नेटवर्कवरून कोणी तो दुवा उघडला तर आमच्या नोंदीत ते दिसतं. पण कोणी मोबाइलच्या स्वतःच्या डेटावर उघडला, तर आमच्याकडे त्याचा काहीही मागमूस नसतो. तिथे पासवर्ड दिला गेला की नाही, हे जगात दोघांनाच माहीत असतं : देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला. देणाऱ्याने सांगितलं नाही, तर आम्ही घेणाऱ्याच्या मागेच धावत राहतो.

या एका उत्तरावर पुढची सगळी कामं ठरतात. नुसता मेल उघडला असेल तर बहुधा काही करावं लागत नाही. दुवा उघडून पान बंद केलं असेल तर तो संगणक तपासायचा. पासवर्ड टाकला असेल तर तो तत्काळ बदलायचा, आणि तेवढ्यावर थांबायचं नाही. आधीच आत शिरलेल्या माणसाचं लॉगिन पासवर्ड बदलूनही चालू राहू शकतं, म्हणून सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करावं लागतं. शिवाय अशी माणसं आत आल्यावर पुष्कळदा मेलच्या सेटिंगमध्ये एक नियम लावून ठेवतात : येणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत बाहेरच्या एका पत्त्यावर पाठव. पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो. पासवर्ड किती वाजता टाकला हे कळलं, तर त्या वेळेनंतरचा प्रत्येक बदल एकेक करून तपासता येतो.

त्या मंगळवारी नेमकं हेच झालं. मॅडमच्या मेलवरून यादी निघाली, प्रत्येकाला फोन केला. एका प्राध्यापकांनी थोडं थांबून सांगितलं की सकाळी बसमध्ये मोबाइलवर पासवर्ड टाकला होता, दहाच्या थोडं आधी. त्यांच्या खात्यात 10.03 ला असा एक नियम लागलेला सापडला. तो काढला, लॉगिन तोडलं. त्यांनी सांगितलं नसतं तर त्यांचा पत्रव्यवहार कितीतरी दिवस बाहेर जात राहिला असता. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

वेळेवर मी इतका अडून का बसतो, त्याला आणखी एक कारण आहे. सर्ट-इन या केंद्राच्या यंत्रणेने 28 एप्रिल 2022 रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांच्या आत कळवायच्या असतात आणि नोंदी 180 दिवस जपायच्या असतात. नोंदी असतात, पण ‘मागच्या आठवड्यात कधीतरी’ या वर्णनाने त्यांत काही सापडत नाही. शिवाय पुष्कळ यंत्रं आपली नोंद जागतिक वेळेत करतात, जी आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असते. आपले 9.42 तिथे 4.12 असतात. म्हणून वेळ लिहिताना ती भारतीय वेळ आहे का, आणि मेलवर छापलेली आहे की आठवणीतली, तेही लिहावं.

संशयास्पद दुवा कळवायचा असेल तर तो जसाच्या तसा हवा, पण कोणाच्या बोटाने उघडू नये असा. त्यासाठी सुरुवातीच्या `http` ऐवजी `hxxp` आणि ठिपक्याऐवजी `[.]` लिहायची पद्धत आहे : `hxxp://rnail[.]example/farak`. वाचणाऱ्या तंत्रज्ञाला कळतं, आणि चुकून कोणाचं बोट लागलं तर उघडत नाही. असा दुवा ‘सावध राहा’ म्हणत ऑफिसच्या ग्रुपवर जिवंत टाकू नये. सावध करण्याच्या भरात तो आणखी दहा जण उघडतात.

पैसे गेले असतील तर मात्र आमच्याकडे येण्यात वेळ घालवू नका. आधी 1930 या क्रमांकावर फोन आणि आपल्या बँकेला कळवणं, मग `cybercrime.gov.in` वर नोंद. तिथेही व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ हेच विचारतात.

चुकलेल्या तारखा आणि शहाणी तक्रार

दुसरा प्रसंग डेटाचा. प्रवेशाच्या हंगामात एका महाविद्यालयातून फोन आला : ‘मुलांच्या जन्मतारखा चुकल्यात, सिस्टीममध्ये घोळ आहे.’ किती मुलांच्या? ‘पुष्कळ.’ कोणत्या? ‘बऱ्याच जणांच्या.’ यावर काय शोधायचं? तरी दुपारभर शोधलं. सिस्टीममध्ये दोष सापडला नाही, कारण तो तिथे नव्हताच.

दुसऱ्या दिवशी तिथल्याच एका लिपिक मॅडमचा मेल आला. त्यांनी वीस मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले पुढ्यात घेतले होते आणि पडद्यावरच्या तारखा त्यांच्याशी ताडून पाहिल्या होत्या. वीसपैकी सात चुकीच्या, तेरा बरोबर. दोन नमुने त्यांनी नोंदणी क्रमांकासह दिले होते : दाखल्यावर 03/07/2006, पडद्यावर 7 मार्च 2006. दाखल्यावर 09/11/2005, पडद्यावर 11 सप्टेंबर 2005. बरोबर आलेल्यांतलाही एक नमुना दिला होता : 25/07/2006. आणि शेवटची ओळ : ‘चुकलेल्या सर्व नोंदी 14 जूनला भरलेल्या फायलीतल्या आहेत. 10 जूनच्या फायलीतल्या दहा तपासल्या, त्या सर्व ठीक आहेत.’

हा मेल वाचला आणि मला फाइल उघडायच्या आधीच कारण कळलं. दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली होती, पण फक्त तिथेच जिथे दिवस 12 किंवा त्याहून कमी होता. महाविद्यालयातून आलेली यादी साध्या मजकुराची होती. 14 जूनला ती ज्या संगणकावर एक्सेलमध्ये उघडली गेली, त्याची तारखेची मांडणी अमेरिकन पद्धतीची होती, आधी महिना, मग दिवस. 03/07 हे त्याने 7 मार्च असं वाचलं. 25/07 वाचताना पंचविसावा महिना नसतो म्हणून त्याने ती तारीख मानलीच नाही, नुसता मजकूर म्हणून सोडून दिली. पुढे आमच्या प्रणालीने तो मजकूर आपल्या पद्धतीने वाचला आणि तो बरोबर आला.

ही गोष्ट डोळ्यांनी दिसते. एक्सेलमध्ये काही बदललं नसेल तर खरी तारीख चौकटीत उजवीकडे टेकते आणि मजकूर डावीकडे. ती फाइल उघडली तेव्हा एकाच स्तंभात काही तारखा उजवीकडे, काही डावीकडे अशा विखुरलेल्या होत्या. यादी भरण्यापूर्वी कोणीही एवढं पाहिलं तरी अशी चूक पकडता येते.

मॅडमनी दिलेला सातचा आकडाही बोलका होता. 1 ते 12 मधले दिवस आणि 12 महिने मिळून 144 तारखा अदलाबदल होण्याजोग्या असतात. त्यांपैकी 5/5 किंवा 8/8 सारख्या 12 तारखा उलटल्या तरी त्याच राहतात. उरतात 132. वर्षातल्या 365 पैकी 132 म्हणजे शंभरातल्या साधारण 36. वीसमध्ये सात म्हणजे 35. चूक नेमकी हीच आहे याला तेवढा आधार पुरेसा होता. मूळ यादी पुन्हा नीट भरली, आणि काम तासाभरात झालं.

चुकीच्या नोंदींसोबत बरोबर नोंदी दिल्या म्हणूनच हे जमलं. फक्त चुकलेल्या तारखा मिळाल्या असत्या, तर सगळंच बिघडलंय असं वाटलं असतं. कुठे बिघडलं नाही हे कळलं की बिघाडाची कड दिसते, आणि त्या कडेवरच कारण असतं.

इथे एक मोह टाळायला हवा : दिसलेली चूक हाताने दुरुस्त करून मग कळवणं. मदत म्हणूनच लोक ते करतात. पण त्याने पुरावा पुसला जातो. वर धोका असा की पुढे आम्ही त्या फायलीतल्या सगळ्या उलटलेल्या तारखा एका आदेशाने सुलट्या केल्या, तर तुम्ही आधी सुधारलेली तारीख पुन्हा उलटी होते. एखादी नोंद आजच वापरायची असल्याने सुधारावीच लागली, तर तिचा क्रमांक आणि आधीची किंमत लिहून ठेवा आणि आम्हाला द्या.

नमुना देताना मुलांची पूर्ण यादी, आधार क्रमांक किंवा दाखल्यांचे फोटो पाठवायची गरज नसते. नोंदणी क्रमांकावरून आम्हाला सगळं दिसतं. पासवर्ड आणि ओटीपी तर कोणत्याही तक्रारीत लागत नाही. तांत्रिक कक्षाच्या नावाने फोन करून कोणी ते मागितले, तर तो फोनच कळवण्याजोगा आहे. म्हणून कक्षाचा क्रमांक आलेल्या संदेशातून घेऊ नका, तो ऑफिसच्या फलकावरून किंवा संस्थेच्या परिपत्रकावरून घ्या.

आमच्या कक्षाच्या दाराबाहेर आता एक कागद लावला आहे. त्यावर तक्रारीचा नमुना आहे, आणि तो ग्रंथालयातल्या आणि महाविद्यालयातल्या त्या दोन मेलवरून तयार केला आहे :

> काय दिसलं : पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा, आणि न कापलेला स्क्रीनशॉट.
> काय दिसायला हवं होतं : आणि ते कशावरून (दाखला, पावती, जुनी नोंद).
> केव्हा : तारीख, वेळ, ती छापलेली की आठवणीतली.
> कुठे : ऑफिसचा संगणक की मोबाइल, संस्थेचं नेटवर्क की स्वतःचा डेटा.
> मी काय केलं : उघडलं, क्लिक केलं, पासवर्ड दिला, दुरुस्त केलं, काहीच नाही.
> आणखी कोणाला : एक चुकलेला नमुना, एक बरोबर नमुना, दोन्हींचे क्रमांक.
> जोडलं आहे : मूळ मेल किंवा मूळ फाइल.

सगळ्या ओळी भरता आल्या नाहीत तरी चालेल. घाई असेल तर तिसरी आणि पाचवी एवढ्या तरी लिहा : केव्हा, आणि मी काय केलं. मूळ मेल पुसू नका, मूळ फाइल बदलू नका. बाकीचं आम्ही शोधू.